बाराव्या मिनिटानंतर

रविवारी संध्याकाळी पाच वाजले की आमच्या घरातला टीव्ही बंद होतो. इंग्लंडात त्या वेळी उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि माझा आठ वर्षांचा नातू जेवणापूर्वी व्हिडिओ कॉलवर येतो. ‘आजी, काय करतेस?’ या त्याच्या पहिल्या प्रश्नात मराठी अगदी स्वच्छ असते. मग मी काय केले, मांजरीला पिल्ले झाली का, आजोबा कुठे आहेत, हे सारे मराठीत होते. हळूहळू त्याच्या उत्तरांत एखादा इंग्रजी शब्द येऊ लागतो, मग अर्धे वाक्य, आणि निरोप घेताना तो संपूर्ण इंग्रजीत बोलत असतो. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. दोघांनाही सगळे कळते, तरी आम्ही दोन काठांवरून बोलत असल्यासारखे वाटते.

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका रविवारी तो पोहण्याच्या वर्गाविषयी काही सांगू लागला. ‘आजी, काल स्विमिंगला ना, मी...’ असे म्हणून तो थांबला आणि पुढे इंग्रजीत सुरू झाला. त्या दिवशी मी जरा अधीर होते. मी म्हटले, ‘मराठीत सांग ना, राजा.’ तो पुन्हा थांबला. खाली पाहत म्हणाला, ‘काही नाही.’ मी विषय बदलला आणि मनात समाधान मानले की निदान ‘काही नाही’ तरी मराठीत म्हणाला.

तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला. दर शनिवारी सकाळी त्याच्या पोटात दुखत होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासले, पण शरीरात दोष आढळला नाही. शेवटी एका रात्री अंथरुणात त्याने आईला सांगितले, की वर्गात खोल पाण्याच्या बाजूला तो बुडाला होता, नाकातोंडात पाणी गेले होते आणि बराच वेळ कोणाचे लक्षच नव्हते. घटना जुलैतल्या एका शनिवारची. दुसऱ्या दिवशी तो मला तेच सांगत होता.

मी चौतीस वर्षे वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम केले आहे. मुलाचे बोलणे अडते तेव्हा त्याच्यावर शब्दाची सक्ती करू नये, हे मी किती पालकांना सांगितले असेल याची गणती नाही. तेच मी माझ्या नातवाबाबत विसरले. म्हणून ऑगस्टपासून एक वही केली. प्रत्येक कॉलनंतर, पाठीमागे घड्याळ ठेवून, तो कितव्या मिनिटाला आणि कोणत्या शब्दावर इंग्रजीत वळला एवढेच टिपायचे. त्याला यातले काही सांगितले नाही.

चार-पाच रविवारांनंतर पहिली गोष्ट ध्यानात आली. वळण बहुधा दहाव्या ते पंधराव्या मिनिटांच्या दरम्यान येत होते. याचे कारण कंटाळा नव्हे. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मनात एक भाषा बोलताना दुसरी झोपलेली नसते. ती जागीच असते आणि बोलणाऱ्याला तिला आवरून धरावे लागते. त्यातही दुबळी भाषा बोलताना बळकट भाषा आवरणे अधिक कष्टाचे असते. माझ्या नातवाचा दिवसाचा फार मोठा भाग इंग्रजीत जातो. घरीसुद्धा जावई कन्नडभाषक असल्याने नवरा-बायकोचा संवाद इंग्रजीतच होतो. मराठी त्याला आईच्या वाट्याला येणाऱ्या दीड-दोन तासांत आणि माझ्या रविवारी मिळते. अशा मुलाला ‘निसरडे’ हा शब्द ऐकला की कळतो, पण हवा तेव्हा जिभेवर येत नाही. ओळखणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम किती वेळा केले यावर ते किती सहज होईल हे ठरते. प्रत्येक वाक्यात दोन-तीन शब्द असे शोधावे लागले तर बाराव्या मिनिटाला मूल दमते. दमले की ते बळकट भाषेच्या खुर्चीत बसते, इतकेच.

दुसरी गोष्ट मला अधिक लाजवणारी होती. वळणाच्या आधीच्या वाक्यात इंग्रजी शब्द पुष्कळदा माझाच असे. ‘प्रोजेक्ट सबमिट केलास का?’ असे मी विचारले की उत्तर इंग्रजीत येई, आणि ‘चित्र काढून दिलंस का?’ असे विचारले की मराठीत. मायकेल क्लाइन या भाषाशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या जर्मन आणि डच कुटुंबांची बोलणी अभ्यासताना हेच पाहिले होते. दोन्ही भाषांत चालणारा एखादा शब्द किंवा विशेषनाम आले, की त्याच्या अलीकडे-पलीकडे बोलणारा नकळत दुसऱ्या भाषेत सरकतो. तो शब्द दोन खोल्यांमधल्या दारासारखा असतो. आत एका खोलीतून गेलेला माणूस बाहेर दुसऱ्या खोलीत पडतो.

म्हणून काही मी ‘फ्रिज’ला शीतकपाट म्हणू लागले नाही. बस, शाळेचा डबा, बॅट ही मराठी घरातलीच नामे आहेत आणि त्यांनी फारसे बिघडत नाही, असे माझी वही सांगते. बिघडते ते क्रियापदाने. ‘डिस्कस केलं’, ‘ट्राय कर’, ‘एन्जॉय केलंस का’ अशा बोलण्यात अर्थ सगळा इंग्रजी शब्द वाहतो आणि मराठीकडे उरते ते फक्त ‘करणे’. मुलाने त्या वाक्यातून काय उचलावे? मी नामे सोडून दिली आणि क्रियापदांवर लक्ष ठेवले. ‘स्विमिंग करतोस’ऐवजी ‘पोहतोस’, ‘वेट कर’ऐवजी ‘थांब’. पुण्यात राहून साठ वर्षे मराठी बोलणाऱ्या बाईला हे जड जावे, याचे मला नवल वाटले.

तिसरी गोष्ट ध्यानात यायला ऑक्टोबर उजाडला. वही चाळताना दिसले की पिल्लांविषयी, जेवणाविषयी, शाळेतल्या मित्राविषयी तो बराच वेळ मराठीत बोलतो, पण स्वतःच्या बाबतीत घडून गेलेली गोष्ट सांगायची वेळ आली की लगेच इंग्रजी. जुलैतले ते वाक्यही ‘मी...’वरच थांबले होते. असे का? उत्तर लेकीने हसत दिले आणि सांगता सांगता ती गप्प झाली. आदल्या डिसेंबरात ते पुण्याला आले होते. त्याने चुलत भावंडांना सांगितले, ‘मी पडले आणि मला लागलं.’ सगळी पोरे हसली. कोणीतरी त्याला ‘मुलगी आहेस का’ असे विचारले. तो दिवसभर ‘मी जाते’, ‘मी आले’ असेच बोलत होता, कारण मराठी बोलणारी जी माणसे त्याने ऐकली ती आई आणि आजी, दोन्ही बायका. ‘मी पडलो’ असे म्हणणारा पुरुष त्याच्या कानावर जवळजवळ आलाच नव्हता. इंग्रजीत मुलाने पडावे की मुलीने, क्रियापद एकच राहते. मराठीत ‘मी’ म्हटल्याबरोबर पुढे पडलो की पडले हे ठरवावे लागते. जिथे हसे झाले तिथून पाय काढून घेणे, हा शहाणपणाच म्हणायचा.

परदेशातल्या मराठी घरांत ही चूक करणारे मुलगे मी पूर्वीही पाहिले होते. ती चूक नसून ऐकलेल्या भाषेची प्रामाणिक नक्कल आहे. तिला औषध एकच, पुरुषाचा आवाज. आमच्या घरात तो होता, पण वर्तमानपत्रामागे बसून ‘बरा आहेस ना’ एवढे विचारून मोकळा होत असे. मी यजमानांना सांगितले, की दर रविवारी पहिली पाच मिनिटे तुमची. विचारायचे काही नाही, फक्त लहानपणीची एक फजिती सांगायची. त्यांना हा उद्योग आवडला.

आता परतवण्याविषयी. नॉर्वेमध्ये एलिझाबेथ लान्झा यांनी इंग्रजी आणि नॉर्वेजियन अशा दोन भाषांत वाढणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास केला आणि मूल दुसऱ्या भाषेत बोलले की पालक काय करतात ते नोंदवले. काही पालक कळलेच नाही असे दाखवतात. काही आपल्या भाषेत अंदाज करून विचारतात, ‘म्हणजे अमुक का?’ काही मुलाचे वाक्य आपल्या भाषेत नुसते पुन्हा म्हणतात. काही न थांबता पुढे बोलतात आणि काही स्वतःच भाषा बदलतात. जसजसे आपण या यादीत खाली येतो, तसतसे मुलाला भाषा बदलण्याचे कारण उरत नाही. हा अभ्यास दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचा आहे, हे मात्र विसरू नये. आठ वर्षांच्या मुलाला आजीला इंग्रजी येते हे पक्के ठाऊक असते. मी एकदा ‘काय म्हणालास, कळलं नाही रे’ असे नाटक केले, तर तो म्हणाला, ‘आजी, तू डॉक्टरांशी इंग्लिशमध्ये बोलतेस.’ त्यानंतर मी ते पुन्हा केले नाही.

मला उपयोगी पडला तो दुसरा मार्ग, अंदाज करून विचारण्याचा, आणि त्यातही प्रश्नाची घडण महत्त्वाची ठरली. तो इंग्रजीत म्हणाला की जमीन स्लिपरी होती. त्यावर मी ‘निसरडी होती का?’ असे विचारले तर तो ‘हो’ म्हणेल आणि पुढचे वाक्य पुन्हा इंग्रजीत येईल. होकार-नकारात उत्तर देता येईल असा प्रश्न मुलाला शब्द ऐकवतो, पण उच्चारायला लावत नाही. त्याऐवजी मी विचारते, ‘निसरडी होती की खडबडीत?’ आता दोन्ही शब्द त्याच्या पुढ्यात आहेत. त्याला आठवायचे नाही, फक्त उचलायचे आहे. तो ‘निसरडी’ म्हणतो. शब्द जिभेवरून एकदा गेला. मग मी थांबते. मनात एक ते पाच मोजते. व्हिडिओ कॉलवर पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि आपण मोठी माणसे ती भरून काढतो, तीही नेमकी मुलाचे वाक्य जुळत असताना. मी पाचपर्यंत थांबू लागले तेव्हा पुष्कळदा चौथ्या सेकंदाला मराठी वाक्य आले.

दुसरी तयारी कॉलच्या आधीची. शनिवारी रात्री लेक मला एका ओळीत कळवते, की या आठवड्यात काय घडले. त्यावरून मी तीन शब्द निवडते, तीनच, आणि ते माझ्या स्वतःच्या गोष्टीत आधी वापरते. त्याची सायकल बिघडली असेल तर माझ्या जुन्या सायकलची साखळी कशी निसटली, चाक कसे पंक्चर झाले, मी ती कशी ढकलत आणली हे सांगते. दहा मिनिटांनी त्याला त्याच्या सायकलविषयी बोलायचे असते तेव्हा ‘निसटली’ आणि ‘ढकलत’ ताजे असतात. शब्द शिकवायचा नाही, अर्थ विचारायचा नाही, परीक्षा तर मुळीच घ्यायची नाही. हा आजीचा डाव आहे, हे त्याला कळले तर संपलेच.

लांबीचेही सांगते. चाळीस मिनिटांचा एक कॉल मोडून आम्ही दोन केले, रविवारचा आणि बुधवारचा, पंधरा-पंधरा मिनिटांचे. बुधवारच्या कॉलमध्ये दोघांच्या हाताला काहीतरी काम असते. मी वाटाणे सोलते, तो चित्र रंगवतो. समोर दिसणाऱ्या गोष्टीविषयी बोलताना शब्द शोधण्याचे ओझे निम्मे होते. जावई मागून खोलीत आले की मात्र पाचव्या मिनिटालाही बोलणे इंग्रजीत वळते, आणि ते योग्यच आहे. ज्याला मराठी येत नाही अशा बापाला वगळून बोलायला मी नातवाला शिकवणार नाही. ते गेले की मी पुन्हा मराठीत विचारते. तेवढे पुरते.

आई-वडील दोघेही घरात तीच भाषा बोलत असतील तर हे सारे खूप सोपे जाते. बेल्जियममध्ये आनिक डी हाउवर यांनी सुमारे दोन हजार कुटुंबांची पाहणी केली तेव्हा दोन भाषा ऐकत वाढणाऱ्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुले समाजाचीच भाषा बोलत होती, घरची दुसरी नाही. लेकीला मी हे सांगितले, कारण ती स्वतःला दोष देत होती. तिच्या घराची रचनाच अवघड बाजूची आहे. भाषा निसटते त्यात आईचा आळस शोधणे सोडून द्यावे. माझ्या उमेदीच्या काळात तर बोलायला उशीर झालेल्या मुलांच्या पालकांना आमच्यापैकी काही जण ‘घरी एकच भाषा ठेवा, इंग्रजीच ठेवा’ असे सांगत. दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही, हे आता पक्के झाले आहे. पण त्या सल्ल्याने किती आज्यांशी होणारी बोलणी बंद झाली असतील, हा विचार मला अधूनमधून छळतो.

आणि आता जुलैकडे परत. इंग्रजीत जाणे ही माझ्या लेखी धोक्याची खूण राहिलेली नाही. खूण आहे ती वाक्य आखडण्याची. लांब वाक्ये अचानक एका शब्दावर आली, ‘काही नाही’, ‘माहीत नाही’ वाढले, डोळे पडद्यावरून खाली गेले, तर मुलाला शब्द मिळत नाही असे नव्हे, काही सांगायचे आहे आणि ते जड आहे. तेव्हा मराठी बाजूला ठेवायची आणि ऐकायचे. दुखणे, भीती, अपमान ज्या भाषेत अंगावर आला त्याच भाषेत तो पहिल्यांदा बाहेर येतो. त्याच्या पोहण्याच्या वर्गात सूचना इंग्रजी, ओरडणे इंग्रजी, पाण्याखालची घाबरगुंडीही बहुधा इंग्रजीच. त्या रविवारी मी त्याच्याकडे एकाच वेळी दोन कामे मागितली, भीती सांगण्याचे आणि तिचे भाषांतर करण्याचे.

नोव्हेंबरात एका रविवारी यजमानांनी विहिरीची गोष्ट सांगितली. ते दहा वर्षांचे असताना काकांनी त्यांच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलले होते. ‘डबा सुटला रे, आणि मी गेलो तळाला. गटांगळ्या खाल्ल्या. नाकातोंडात पाणी गेलं. इतका घाबरलो की वर आल्यावर काकांना चावलो.’ नातू पोट धरून हसला. मग शांत झाला. मी बाजूला बसून मोजत होते. पाच झाले, सहा झाले. यजमानांनी तोंड उघडले तेव्हा मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘आजोबा,’ तो म्हणाला, ‘मी पण... मी पण गेलो. खाली. मी पण घाबरलो.’

पुढे तो बराच वेळ बोलला. शिट्टी वाजवणाऱ्या सरांविषयी, पाण्याखालून दिसणाऱ्या दिव्यांविषयी, कोणीच कसे पाहिले नाही याविषयी. ते सगळे इंग्रजीत होते. कितवे मिनिट होते, ते मी त्या दिवशी पाहिले नाही. वर्ग त्याने बदलला आहे. नव्या ठिकाणी तो अजून उथळ बाजूलाच असतो, आणि दर रविवारी आजोबांना विचारतो की काकांना किती जोरात चावलास.